हवेचा हिशेब

"घोडा तेराव्या पानावर मेला," बाई म्हणाल्या. "तुम्ही त्याला पंच्याण्णवपर्यंत पळवलंय."

कादंबरीकारांनी चहाचा कप खाली ठेवला. काउबॉयच्या त्रेचाळीस कादंबऱ्या लिहिलेला माणूस. छापखान्यात त्यांना सगळे घोडेस्वार म्हणत. वाचक आटले, तेव्हा मालकांनी त्यांना सांगितलं होतं, या वेळी गोष्ट परग्रहावर न्या, नाहीतर मालिका बंद. म्हणून त्यांनी नेली. आणि बाई मुद्रितशोधक. बावीस वर्षं एकाच खिडकीपाशी बसून त्यांनी घोडेस्वारांची सगळी पुस्तकं वाचली होती, आणि विज्ञानकथांचीही. त्यांचं काम काने-मात्रे बघायचं. कथेबद्दल त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"मेला कसा?"

"तुमच्या ग्रहावर हवेत प्राणवायू नाही. माणसं पाठीवर टाकी घेऊन फिरतात. घोडा माणसाच्या कितीतरी पट हवा ओढतो. त्याची टाकी कुणी वाहायची?"

"बाई, गोष्ट आहे ही. एवढं कोण बघतं?"

"विज्ञानकथेचा वाचक बघतो. एक अशक्य गोष्ट तो मुकाट्यानं मान्य करतो. दुसरी केलीत की पुस्तक मिटतो."

घोडेस्वारांचा चेहरा पडला. "घोडा काढला तर माझं काय उरलं?"

या माणसाला दुखवायची बाईंची इच्छा नव्हती. त्याच्या वाक्यांना त्यांनी कधी हात लावला नव्हता, कारण लावावाच लागला नव्हता.

"तुमच्या पुस्तकांत मी घोडा कधी वाचलाच नाही," त्या हळूच म्हणाल्या. "मी वाचलं ते असं, की कायदा फार लांब आहे, मदतीला कोणी येणार नाही, आणि माणसाकडे त्याच्या शब्दाखेरीज काही नाही. ते इथंही चालेल. पण ते त्या ग्रहानंच घडवून आणलं पाहिजे."

"म्हणजे?"

"धूळ आहे ना तुमच्याकडे? शोभेला आहे. तिला कामाला लावा. त्या धुळीत वीज भरलेली आहे म्हणा. वायरलेसवर नुसती खरखर, इंजिनं बंद पडतात. एवढी एकच गोष्ट गृहीत धरा. मग बघा, गावाबाहेर पाऊल टाकलं की माणूस एकटा. पायी. तुमचंच जग झालं की ते."

घोडेस्वार खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "आणि शेवट?"

शेवटच बाईंना सगळ्यात जास्त खुपला होता. शेरीफ दरोडेखोराला पकडतो, दोघांची हवा संपत येते, आणि शेरीफच्या खिशातून धुळीपासून हवा बनवणारं यंत्र निघतं.

"यंत्र निघालं की पाठलाग फुकट गेला. आणि यंत्राऐवजी शेरीफ नुसत्या हिमतीवर श्वास न घेता चालला, तर ग्रह फुकट गेला. पाठलाग आणि ग्रह, दोहोंपैकी एकालाही खोटं पाडू नका. त्या दोन माणसांकडे हवा किती?"

"शेरीफकडे चालायला तीन तास पुरेल एवढी, दरोडेखोराकडे दोन तासांची."

"आणि गाव?"

"तीन तासांवर."

"दोघं चालले तर सहा तासांची लागेल. आहे पाचांची."

"मग एक मरतो," घोडेस्वार म्हणाले, आणि मध्येच थांबले. त्यांची बोटं टेबलावर वाजू लागली. "बाई, बसून राहिलेला माणूस किती हवा घेतो?"

"चालणाऱ्याच्या हवेचा तिसरा हिस्सा धरा."

"म्हणजे दोन तासांची टाकी बसून सहा तास पुरेल." त्यांचा आवाज खाली आला. "तीन तास जायला, तीन यायला. शेरीफ श्वास रोखून टाक्या बदलतो. आपली तीन तासांची दरोडेखोराला देतो. बेड्या काढतो. म्हणतो, जा, गावातून भरलेली टाकी घेऊन परत ये. आणि स्वतः दगडाला टेकून बसतो."

"शेरीफनंच का जाऊ नये?"

"दरोडेखोराच्या पायात गोळी मारायची नाही, आणि बेड्या घालून मागं मरायला ठेवायचं नाही, असा शब्द दिलाय त्यानं पकडताना. बांधायचं नाही, म्हणजे शेरीफ गेला तरी त्याला भरवशावरच मोकळं सोडायचं. त्यापेक्षा भरवसा ठेवायचा तर पुरता ठेवायचा. असाच आहे तो, बाई. त्रेचाळीस पुस्तकं मी त्याला ओळखतो."

बाईंना त्या क्षणी या म्हाताऱ्याचं फार कौतुक वाटलं. हवेची बेरीज त्यांना जमली होती. पण हे त्यांना स्वतःला सुचलं नसतं.

घोडेस्वारांनी सगळी कादंबरी पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहिली. दोन महिने लागले. शेवटच्या प्रकरणात शेरीफ फक्त बसलेला होता. बोलत नव्हता, कारण बोलायला हवा लागते. बाईंनी ते प्रकरण दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हातातली पेन्सिल खाली ठेवून वाचलं.

छपाईच्या दिवशी दुपारी यंत्राची घरघर एकाएकी थांबली. यंत्रावरचा माणूस बाईंच्या दारात येऊन उभा राहिला. एरवी तो छापलेल्या कागदावर शाई नीट बसली का, एवढंच बघायचा.

"बाई, शेवटच्या सोळा पानांचा फर्मा अजून यंत्रावर आला नाही."

"संध्याकाळी येईल. काही बिघडलंय का?"

"नाही." तो जरा घुटमळला. "तो परत येतो ना, टाकी घेऊन?"

बाईंनी ड्रॉवरमधून शेवटची तपासलेली पानं काढून त्याच्यापुढे धरली. हात शाईनं माखलेले, म्हणून त्यानं कागद दोन कोपऱ्यांत चिमटीनं धरले आणि तिथंच, दारात उभ्या उभ्या वाचू लागला. बाईंनी पुढचं बाड ओढलं, पण उघडलं नाही. तो वाचत होता आणि त्याला कळतही नव्हतं की आपण श्वास अगदी हळू घेतोय.