फोन मीच उचलेन

“अक्षर असं काढ गं, की चष्मा हरवला तरी माणूस उपाशी राहू नये.”

आईचं हे बोलणं किती वर्षांपूर्वीचं! लेक तेव्हा शाळेत होती. किराणा दुकानाच्या गल्ल्यामागे फतकल मारून ती सणाच्या पत्रकावर मथळा रेखत बसायची. आई कागद हातभर लांब धरायची, डोळे किलकिले करायची, आणि अक्षर लागलं नाही की म्हणायची, “पुन्हा.”

यंदा ‘पुन्हा’ म्हणणारं कुणी नव्हतं. आई जाऊन सहा महिने झाले होते. बाबा पुड्या बांधत, तराजू पुसत. बोलणं मात्र जणू तिच्याबरोबरच गेलेलं. सण पंधरा दिवसांवर आला, तेव्हा लेकीने जुनं पत्रक काढलं आणि ती छापखान्यात गेली.

छापखानेवाल्या काकांनी अक्षरांमागे फुलं पसरली होती. “सणाचं आहे, जरा झगमग नको?”

“झगमग कडेला करा, काका. अक्षराखाली कोरा कागद हवा. आणि चकचकीत कागद नको, दिव्याखाली चमक मारतो.”

“अगदी आईवर गेलीस,” काका पुटपुटले.

काळी ठसठशीत अक्षरं, फिक्कट कागद, छोटी वाक्यं. ‘सणाचं सामान घरपोच. फोन करा. सकाळी दहा ते एक. बटणं दाबायची नाहीत, थेट माणूस बोलेल. तुमची यादी आम्ही वाचून दाखवू. गुरुवारपर्यंत सांगा, शनिवारी पोचेल.’ फोन नंबर वर एकदा, खाली एकदा, आकडे दोन-दोन सुटे. एकदम वाचले की म्हाताऱ्या डोळ्यांना आकड्यांची रांग नाचते. आणि सगळ्यात शेवटी आईची ओळ: ‘फोन मीच उचलेन.’

काकांचं बोट त्या ओळीवर थांबलं. “ही काढू ना?”

किती सोपं होतं, हो म्हणणं. “राहू दे,” लेक म्हणाली. “जागा भरते.”

पत्रकं घरोघर गेली, वर्षातून एकदाच फोन करणाऱ्या लांबच्या म्हाताऱ्यांकडेही. सोमवारी दहाच्या ठोक्याला फोन वाजला.

“हां, बोला.”

“अगं, तूच! मला वाटलं, यंदा दुसरं कुणी बसवलंय.”

लेकीचा आवाज हुबेहूब आईचा. लहानपणापासून सगळे हसायचे, एका नारळाच्या दोन करवंट्या म्हणून. तिने तोंड उघडलं, आई गेल्याचं सांगायला. पण पलीकडचा म्हातारा इतका खुलला होता, की तिने नुसतं विचारलं, “काय पाठवू?” एकाला सांगितलं नाही, म्हणून दुसऱ्याला सांगता येईना. बुधवारपर्यंत तेवीस जणांशी आई बोलली होती.

बाबा आत पुड्या बांधत सगळं ऐकत. एकदाच म्हणाले, “तुझ्या आईने असं केलं नसतं.” पुढे म्हणाले, “पण ऐकायला बरं वाटतं बघ.” आणि पाठ फिरवून दोऱ्याची गाठ मारत राहिले, बराच वेळ, एकच गाठ.

गुरुवारी पाऊण वाजता बिनसाखरेच्या आजींचा फोन आला. स्वतः चहा फिका पिणार, पण सणाला कुणी येईल म्हणून किलोभर साखर मागवणार. म्हणून आईने ठेवलेलं नाव. बारा वर्षांत कुणी आलं नव्हतं, हे आईला ठाऊक होतं.

“साखर एक किलो,” लेकीने यादी वाचून दाखवली. “तांदूळ दोन, तेल एक, मनुका पावशेर, आंघोळीचा साबण दोन. बरोबर?”

“बरोबर.”

“शनिवारी पोचेल, आजी.”

आजींनी फोन ठेवला नव्हता; श्वास ऐकू येत होता.

“आजी?”

“थांबलेय ना. विचार की नेहमीचं.”

लेकीने वहीवर पाहिलं, पत्रकावर पाहिलं, आतल्या दाराकडे पाहिलं. बाबा दोरा हातात धरून उभे होते; त्यांनाही ठाऊक नव्हतं. यादी संपल्यावर आई आवाज खाली आणून काहीतरी विचारायची, एवढंच त्या दोघांनी दुरून पाहिलं होतं.

“काय विचारायची... म्हणजे, काय विचारते मी?”

“असं काय गं? ‘आणि तुमच्यासाठी काय?’ म्हणतेस. मी म्हणते, मला काही नको. मग तू हसतेस, आणि शनिवारी पिशवीत खाली काहीतरी निघतं.” आजी जराशा लाजल्या. “वर्षात तेवढं एकदाच विचारतं कुणी. बरं वाटत नाहीये का तुला?”

लेकीने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. समोर पत्रक पडलेलं, त्यावर ती शेवटची ओळ, हातभर लांबूनही स्वच्छ लागणारी. डोळे किलकिले करावे लागत नव्हते.

“आजी,” ती म्हणाली, आणि या वेळी आवाज तिचा एकटीचा होता, “मी आई नाही. मी तिची लेक. आई सहा महिन्यांपूर्वी गेली. मी खोटं लिहिलं, आजी. एवढ्या मोठ्या अक्षरात.”