नऊ तारखेची रात्र

चिमणीला वाटायचं, आपण मठ्ठ आहोत. ते ऐकलं की माझं डोकं फिरायचं. आमच्या रुग्णालयाच्या रक्त तपासणी विभागात तिच्याइतका चोख हात कुणाचा नाही, आणि हीच मागच्या वर्षी पदवीच्या परीक्षेत नापास. यंदाची संधी शेवटची.

चहाच्या वेळी ती रजेचा अर्ज घेऊन आली. मी विभागात सगळ्यात जुनी, म्हणून सगळे मला ताई म्हणतात आणि टरकतात. अर्जात निम्मी विनवणीच होती. रजा मागितली होती दहा ते अठरा.

"पहिला पेपर कधी?"

"दहाला सकाळी. मागच्या वर्षीसुद्धा पेपरच्या दिवसापासूनच घेतली होती. जास्त मागायला कसंतरीच वाटतं हो."

"मग त्या पेपरात काय झालं?"

"डोळाच लागला. मठ्ठ, दुसरं काय."

"आदल्या रात्री कुठे होतीस?"

"इथेच. रात्रपाळीला."

मी कप खाली ठेवला. आमच्याकडे रात्रपाळी सुरू होते त्या तारखेची धरतात, सुटते मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी आठला. म्हणजे ही रजेवर असूनही सकाळपर्यंत राबली आणि तशीच परीक्षेला बसली.

"अगं, तू मठ्ठ नाहीस. तुझी झोप झाली नव्हती."

वर्षभर उगाच स्वतःला बोल लावत होती बिचारी. मला तिची दया आली आणि रागही.

मी कोरा कागद ओढला. ती बोलत गेली, मी लिहीत गेले. अभ्यास रजा तीन ते अठरा, एकोणीसला हजर, सोबत वेळापत्रक. दिवसपाळ्या मी आणि नवी मुलगी वाटून घेऊ. घोडं अडलं रात्रपाळ्यांवर. रात्री एकट्याने रुग्णाला चढवायचं रक्त जुळवून बघायचं, ते नवीला जमणार नाही. उरला आमचा एक सहकारी, जो पाळी कधीच बदलत नाही, म्हणून आम्ही त्याला खडूस म्हणतो.

"परत आल्यावर माझे चार रविवार ही करेल?" पलीकडून खडूस म्हणाला. इतका वेळ कान देऊन ऐकत होता लेकाचा.

"करते," चिमणी म्हणाली. मी ते लिहिलं आणि तिघांच्या सह्या घेतल्या.

विभागप्रमुख बाईंनी अर्ज वाचला. "रात्रपाळी कोण करणार?"

"खाली लिहिलंय," चिमणी म्हणाली. आवाज जरासुद्धा कापला नाही.

बाईंनी खडूसची सही दोनदा पाहिली आणि अर्ज मंजूर केला. वर म्हणाल्या, "यापुढे रजेचे अर्ज असेच हवेत सगळ्यांचे."

दहा तारखेला सकाळी विभागाच्या ग्रुपवर तिचा मेसेज आला: "पोटभर झोपले." खाली खडूसने लिहिलं, "मी नाही." मी इतकी हसले की नवी मुलगी घाबरली.

निकाल लागला तो नेमका खडूसच्या चौथ्या रविवारी. चिमणी पहिल्या वर्गात पास झाली होती. हे तिने मला फोनवर सांगितलं, आणि लगेच म्हणाली, "ठेवते ताई, तपासायला नमुना आलाय."