राहूच्या फोल्डरमध्ये

पसारा मला सहन होत नाही. दौंडच्या आमच्या महिला समुपदेशन केंद्रात सगळे यावरून मला चिडवतात आणि मी ते मिरवते. म्हणजे मिरवत होते.

स्वप्नाली राहू गावची. नवऱ्यानं हात मोडल्यावर ती आमच्याकडे आली. तिला शिरूरला, शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या वरच्या खोलीत ठेवायचं ठरलं. अर्ज भरताना तिनं विचारलं, "ताई, ह्ये कोन कोन वाचनार?"

"मी आणि हर्षदा. तिसरं कुणी नाही," मी म्हटलं. तेव्हा कुठे तिनं सही केली.

तिचं फोल्डर मी ड्राइव्हवर वेगळं ठेवलं आणि केंद्रातल्या हर्षदाला तेवढं शेअर केलं. याशिवाय दर गावाचं एक फोल्डर होतं. त्यात बैठकांचे फोटो, हजेरी. ते त्या गावच्या दक्षता समितीला शेअर केलेलं, म्हणजे आत जे जे येईल ते समितीला आपोआप दिसणार. सोय म्हणून मीच तसं केलं होतं.

मार्चमध्ये अहवालासाठी सगळं गाववार लावायचं निघालं. मी स्वप्नालीचं फोल्डर उचलून 'राहू'मध्ये टाकलं. कुणाला दिसेल ते आता बदलेल, अशी सूचना आली होती. असल्या सूचना वाचत बसलं तर झालंच काम. मी 'हलवा' दाबलं. कपाट दुसऱ्या खोलीत नेलं तरी कुलूप तेच राहतं, ही माझी समजूत. हर्षदाला विचारलं तर तिच्याकडे फोल्डर उघडत होतं. मी निर्धास्त.

चौथ्या दिवशी दुपारी मच्छिंद्रआप्पांचा फोन आला. राहूच्या समितीतले जुने सभासद, आणि स्वप्नालीच्या नवऱ्याचे सख्खे मामा. हे मला माहीत होतं.

"ताई, लई उपकार झालं. बैठकीचं फोटू बघाय गेलो, तर सूनबाईचा पत्ताच घावला. पोरं सकाळीच जाऊन घिऊन आली. घरातली गोष्ट घरात राह्यली."

मी फोन ठेवला. फोल्डर उघडलं. हर्षदाच्या नावाखाली समितीची सात नावं. मी ते बाहेर काढलं आणि सातही नावं गेली. एवढंच करायचं होतं, चार दिवस उशिरा. शिरूरच्या बाईंना फोन केला, तर त्या रडतच होत्या. पोरीच्या चपला दारातच राहिल्या होत्या.

पोलिसांना घेऊन मी राहूला गेले. स्वप्नाली सासू आणि आप्पांच्या मधे अनवाणी उभी होती. हाताचं प्लॅस्टर अजून तसंच.

"मी माझ्या मर्जीनं आले," ती हवालदाराला म्हणाली. त्यानं लिहून घेतलं. आप्पांनी आम्हाला चहा मागवला.

निघताना मी तिच्याजवळ गेले. तिनं वर पाहिलं नाही.

"दोघीच म्हणला व्हता तुमी," ती हळूच म्हणाली आणि घरात गेली.