सपाट चमचे

स्कूटर घसरली तेव्हा बाळ घरी आजीजवळ होतं, नशिबाने तेवढी एक दया दाखवली. बाकी काही शिल्लक ठेवलं नाही. दोन्ही मनगटं मोडली, उजवा पाय मोडला, आणि दोन महिन्यांच्या मुलीची आई प्लास्टरमध्ये लिंपून बाहेरच्या खोलीतल्या पलंगावर येऊन पडली. हातावर हात ठेवून बसू नये म्हणतात. हिला तर तेवढंही जमण्यासारखं नव्हतं. दूध आधीच जेमतेम येत होतं, तेही त्या धक्क्यानं आटलं, आणि चिमी डब्यातल्या पावडरीवर आली.

डबा, बाटल्या, किटली, सगळं भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात, आणि तिथे राज्य सासूबाईंचं. सासूबाई वाईट नव्हत्या हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर सासू म्हटलं की लोक मनाशी ठरवून मोकळे होतात. नातीवर त्यांचा जीव होता. अडचण एवढीच की जीव असला की माणूस हात सैल सोडतो. चमचा शिगोशीग भरला तर पोरीला जास्त मिळेल, असं त्यांना मनापासून वाटायचं.

ती पलंगावरूनच भांडली. अडकलेल्या माणसाकडे दुसरं हत्यार नसतं. चमचा भरला की सुरीच्या पाठीने सपाट करायचा, दाबायचं नाही, यावर पहिल्याच दिवशी वाजलं. मग पाण्यावरून. सासूबाईंना कोमट पाणी हवं होतं.

"अगं, एवढ्या कढत पाण्यात? पोरीचं तोंड भाजेल."

"पावडरीतच जंतू असू शकतात, आई. ते गरम पाण्यानेच मरतात. उकळल्यावर अर्ध्या तासाच्या आत वापरा. आधी पाणी, मग पावडर. बाटली मग नळाखाली धरून गार करा, आणि मनगटावर थेंब टाकून बघा."

"आमची मुलं काय हवेवर वाढली?" असं म्हणून सासूबाई आत गेल्या, पण तसंच केलं.

सगळ्यात मोठं भांडण उरलेल्या दुधाचं. चिमी निम्मी बाटली पिऊन झोपायची, आणि सासूबाई ती झाकून फ्रीजमध्ये ठेवायच्या. उष्टं दूध परत द्यायचं नाही, ओतून टाकायचं, हे त्यांना काही केल्या पटेना. शेवटी मुलाने, म्हणजे हिच्या नवऱ्याने, मध्ये पडून ती बाटली स्वतः मोरीत ओतली. सासूबाई संध्याकाळपर्यंत बोलल्या नाहीत. नंतर मात्र न सांगता ओतू लागल्या.

म्हणजे सगळ्या लढाया ती जिंकली होती. वर आणखी एक नियम घातला होता: डब्यात हात घालायचा नाही. चमचा फक्त कोरडा आणि स्वच्छ. आणि स्वतः ती कानांत प्राण आणून पडून राहायची. किटलीचा खडखडाट, मग पाणी, मग सुरी चमच्यावरून फिरल्याचा बारीक आवाज. तो मोजला की तिला बरं वाटायचं. आपण काहीतरी करतोय असं वाटायचं.

मग नेहमीचा डबा संपला आणि औषधाच्या दुकानात तो मिळेना. नवऱ्याने दुसऱ्या कंपनीचा आणला. कारखान्यात जायच्या घाईत, बुटांचे बंद बांधता बांधता त्याने डब्यावरचं वाचून दाखवलं. जुन्याचं साठ मिलीला एक चमचा होतं, याचं तीस मिलीला एक. तिने मनातल्या मनात हिशोब केला आणि आत हाक मारली.

"आई, आता दोन नाही. एकशेवीसला चार चमचे."

"चार ना? बरं."

आत सुरी चारदा वाजली. ती निर्धास्त झाली.

दुसऱ्या दिवशी चिमी किरकिर करू लागली. बाटली दिसली की झडप घालायची, संपली की आणखी रडायची. "पोट भरत नाही गं हिचं," सासूबाई म्हणाल्या. आणि हिनेच सांगितलं, "भूक वाढली असेल. अजून एक बाटली करा." पुन्हा चार सपाट चमचे. लंगोट कोरडे निघत होते, तेव्हा दोघींना वाटलं उन्हाळ्यामुळे असेल. तिसऱ्या दिवशी सकाळी ओठ सुकलेले, अंग तापलेलं, आणि रडणंसुद्धा थांबलेलं. तिने नवऱ्याला ओरडून उठवलं. तो आणि सासूबाई पोरीला घेऊन, डबा-बाटली पिशवीत कोंबून दवाखान्यात धावले.

ती पलंगावरच राहिली. शेजारच्या काकू सोबतीला येऊन बसल्या. तिच्या नाकावर बसलेली माशीसुद्धा काकूंनाच हाकलावी लागत होती.

फोन वाजला तेव्हा काकूंनी तो तिच्या कानाशी धरला. नवऱ्याचा आवाज ओळखू येत नव्हता. चिमीच्या रक्तातलं मीठ फार वाढलं होतं, अंगातलं पाणी कमी पडलं होतं. सलाइन लावलं होतं, पण मीठ हळूहळूच उतरवायचं, घाई केली तर मेंदूला धोका.

"दूध कसं करता, विचारतायत," तो म्हणाला.

"सांग ना. सपाट चमचे. चार."

मागे कोणीतरी डबा उघडल्याचा आवाज आला. मग एक नर्स शांतपणे बोलली. "आजी, हा चमचा या डब्याचा नाही." नर्सने पावडर उकरली, नवरा सांगत होता. या डब्याचा खरा चमचा तळाशी रुतून बसला होता, निम्म्या मापाचा.

"वर दिसला नाही," सासूबाई म्हणत होत्या. "डब्यात हात घालायचा नाही म्हणाली होती ना ती. म्हणून मी जुना धुऊन, वाळवून घेतला. चमचा तो चमचा, मला काय ठाऊक."

दुप्पट. प्रत्येक बाटली दुप्पट घट्ट, आणि पोर तहानेने रडत होती. तिला रडावंसं वाटलं, ओरडावंसं वाटलं, कोणावर तरी राग काढावासा वाटला. पण आकडा तिने सांगितला होता आणि नियमही तिनेच घातला होता. काकूंनी फोन ठेवला आणि तिचे डोळे पुसले, कारण ते पुसायलाही तिच्याकडे हात नव्हता.

दोन दिवस गेले. चिमीचं मीठ उतरत आलं, ती नीट रडू लागली. पुढे काही त्रास राहील का, ते डॉक्टर सांगेनात. बघत राहू, एवढंच म्हणाले. आता बाटली सुरू करायची होती आणि ती घरच्यांनी बनवून दाखवायची होती. नवऱ्याची रजा संपली होती. तो कामावर, आणि दवाखान्यात सासूबाई एकट्या.

दुपारी त्यांचाच फोन आला. मागे चिमी भुकेने रडत होती.

"मी नाही करणार," त्या म्हणाल्या. "नर्सबाई म्हणतात करा. माझ्या हातून नको आता. दुसऱ्या कोणाला तरी पाठव."

"कोणाला पाठवू?"

चिमीचं रडणं वाढत गेलं.

"तुझा भरवसा राहिलाय का माझ्यावर? खरं सांग."

खोटं बोलणं सोपं होतं. कानाशी फोन धरून बसलेल्या काकूसुद्धा तिच्याकडे 'हो म्हण' अशा नजरेने बघत होत्या.

"नाही राहिला, आई," ती म्हणाली. "माझा माझ्यावरही नाही राहिला. पण पोर भुकेली आहे, आणि आपल्या दोघींत हात फक्त तुमचे आहेत."

पलीकडे मग सासूबाईंनी नाक ओढलं.

"सांग मग. पहिल्यापासून सांग."

तिने डोळे मिटले.

"आधी हात धुवा," ती म्हणाली.