झालंच समज

पाटोद्याच्या शाळेतल्या जुन्या ‘दहावी ब’चा व्हॉट्सॲप ग्रुप होता आणि त्यात बेचाळिशीला आलेले एकतीस शहाणे होते. येत्या रविवारी सगळ्यांनी एकत्र जमायचं, गुरुजनांचा सत्कार करायचा, जेवण करायचं, असं महिनाभर गाजत होतं. गाजत होतं म्हणजे काय, तर रोज कुणीतरी ‘कार्यक्रम जोरात करू’ असं लिहायचं आणि बाकीचे अंगठे दाखवायचे. शेवटी जमायचं कुठं हेच कुणाला कळेना, तेव्हा ग्रुपचा ॲडमिन बिभीषण याला रुद्राणीची आठवण झाली.

रुद्राणीचा बसस्टँडसमोर कॉम्प्युटर क्लास होता. बिभीषण विमा विकायचा आणि पुढच्या वेळी नगरपंचायतीला उभं राहायचं म्हणून गावभर हात जोडत फिरायचा. त्यानं फोन केला, “मॅडम, तेवढं काय काय ठरलंय ते एका पानात काढून ग्रुपवर टाका की. तुमी लिहिलं म्हंजी कुणी वाद घालणार न्हाई.” स्वतः वाचायला याच्या बापाचं काय जात होतं, असं रुद्राणीच्या ओठावर आलं होतं. पण जमायची जागा तिलाही माहीत नव्हती.

तिनं फोनवरून ग्रुपचं सगळं संभाषण फोटो वगळून स्वतःला ईमेल केलं आणि क्लासमधल्या कॉम्प्युटरवर ती फाइल उघडली. ओळीमागून ओळ, तारीख, वेळ, नाव आणि पुढं बोललेलं. फोटोंच्या जागी नुसतं ‘मीडिया वगळला’ या अर्थाचं इंग्रजी. देवांचे, फुलांचे, लेकरांचे शेकडो फोटो असे एका फटक्यात गेले, ते पाहून तिला फार बरं वाटलं. अंगठे आणि जोडलेले हात मात्र त्या जुन्या कॉम्प्युटरवर रिकामे चौकोन होऊन आले होते. चौकोन म्हणजे होकार की नुसता नमस्कार, हे बघायला तिला पुन्हा फोन हातात घ्यावा लागे, आणि फोनवर बघूनही ते कळत नसे.

तिनं साधी रीत धरली. कुणी करायचं, काय करायचं, कधी करायचं, एवढं ज्यात आहे आणि ज्याला करायचंय तो स्वतः हो म्हणालाय, ते ठरलेलं. नंतर बदललं असेल तर शेवटचं धरायचं. बाकी सगळं बोललेलं. पहिल्याच तासात तिला कळून चुकलं की हे म्हणजे बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. एकानं शाळेला स्टेज बांधून देतो म्हटलं होतं. दुसऱ्यानं मंत्र्याला आणतो म्हटलं होतं. ‘मी आहे ना’, ‘बघू’, ‘करून टाकू’ आणि सगळ्यांचा लाडका शब्द, ‘झालंच समज’. उचलली जीभ लावली टाळ्याला! जमायचं मंगल कार्यालय तीनदा बदललं होतं, त्यातलं शेवटचं एकानं जाऊन सांगून आल्याचं लिहिलं होतं, म्हणून ते तिनं ठरलेल्यात घेतलं. बाकीच्यांचं ती वाचत होती आणि तिच्या तोंडाची चव जात होती. हीच माणसं उद्या पोरांना शिस्त शिकवणार.

मग आसारामचं नाव आलं. आसाराम धनगरवस्तीवरचा, शेळ्या-मेंढ्या राखणारा, ग्रुपवर क्वचित बोलणारा. त्याच्या धनश्रीला पुण्यात नर्सिंगला जागा मिळाली होती. तेव्हा केदारनाथनं लिहिलं होतं, ‘पुण्यात आपला फ्लॅट असताना लेक होस्टेलला कशाला? एक खोली तिची. झालंच समज.’ केदारनाथ रुद्राणीच्याच गल्लीतला, पुण्यात औषधांचं मोठं दुकान. या एका ओळीवर सगळ्या ग्रुपनं त्याला देवमाणूस केलं होतं.

पुढं काल-परवाचंच होतं. आसारामनं विचारलं होतं, ‘केदारभाऊ, मग खोली पक्की धरू का? होस्टेलची जागा सोडतो.’ लगेच खाली बिभीषण, ‘श्रीखंड नको म्हणतेत. बासुंदी पक्की धरू का?’ आणि त्याखाली केदारनाथ, ‘हो हो, पक्की.’

रुद्राणीचा हात थांबला. खोलीही पक्की आणि बासुंदीही पक्की. होकार एकच, आणि तो कुणाला दिलाय हे त्या फाइलीतून काढता येणार नव्हतं. अंदाजानं ठरलेल्यात टाकावं तर एका पोरीचं वर्ष पणाला. तिनं केदारनाथला फोन लावला.

“रुद्रे, बासुंदीचं म्हणलो गं मी,” केदारनाथ हसला. “त्याचं म्हणणं तर मी वाचलंबी न्हाई.”

“पण खोली देतो म्हणलतास तू.”

“आता म्हणायचं असतंय चार लोकांत. घरी बायको, पोरं, परीक्षा. त्यालाबी कळायला नको का?”

“त्याला तू खरं बोलतोस असं वाटलं. तेवढीच त्याची चूक,” असं म्हणून तिनं फोन ठेवला. तिला राग आला होता, आणि रागापेक्षा किळस जास्त आली होती.

आसारामनं दुसऱ्या रिंगला फोन उचलला. मागं शेळ्या ओरडत होत्या.

“आसारामभाऊ, होस्टेलची जागा सोडली का?”

“तोंडानं सांगितलंय ताई. उद्या दुपारी लेखी मागत्यात. कावून?”

“सोडू नका. केदारनाथची खोली ठरलेली न्हाई. त्यो पक्की म्हणला ते बासुंदीला.”

त्यानं एका शेळीला हाकललं. मग म्हणाला, “पण एवढ्या लोकांनी अंगठे दिलते की, ताई.”

रुद्राणीनं पान पुरं केलं. ठरलेलं तीन ओळींत मावलं: दिवस, कार्यालय, बासुंदी. त्याखाली तिनं ‘नुसतं बोललेलं’ असा मथळा टाकून स्टेज, मंत्री आणि बाकी सगळं नावानिशी लिहिलं, आणि शेवटी, ‘धनश्रीची खोली. केदारनाथचा होकार बासुंदीला होता, त्यानेच फोनवर सांगितले.’ पान ग्रुपवर गेलं. मिनिटभरात अंगठे सुरू झाले. ‘छान लिहिलंस’, ‘मस्त काम’. वाचलं कुणीच नव्हतं. केदारनाथनं तेवढं वाचलं. त्यानं लिहिलं, ‘गैरसमज नको. धनश्री आपलीच लेक. झालंच समज.’ त्यालाही अंगठे आले.

खाली आसारामची ओळ उमटली. ‘किती तारखेला आणू?’

वर कुणा ना कुणाच्या नावापुढं ‘टाइप करतोय’ असं उमटायचं आणि विझायचं, म्हणजे सगळे वाचत होते. एरवी गाढव शिंकलं तरी शुभेच्छा देणारी ही मंडळी, पण एकालाही शब्द फुटला नाही. बऱ्याच वेळानं बिभीषणनं सत्काराच्या शालींचा रंग कोणता घ्यावा असं विचारलं, आणि एकदम आठ जणांना रंग सुचले.

दिवस कलताना आसारामचा फोन आला. मागं एसटीचा घरघराट होता.

“निघालो ताई, पोरीला घिऊन. होस्टेलच्या बाई म्हणल्या, उद्या बाराच्या आत बापाची सही पायजे, जागा हाय.”

“बरं झालं. रविवारी भेटूच.”

“न्हाई. मी येणार न्हाई,” तो शांतपणे म्हणाला. “मोकळाच हाय त्या दिवशी, पर येणार न्हाई. कुठं लिहायचं ते तुमी बघा.”

रुद्राणीनं पान पुन्हा उघडलं आणि ‘ठरलेलं’च्या खाली चौथी ओळ लिहिली: आसाराम येणार नाही.