वैवाहिक स्थितीचा रकाना

मावशीने चौदा वर्षं दवाखान्यातली चौकशीची खिडकी सांभाळली होती, पण स्वतःच्या रिझ्युमेपुढे तिची मती गुंग झाली. दुकानातला टायपिंगवाला म्हणाला, "फोटो, जन्मतारीख हवीच." कंपनीत नोकरभरती बघणारी भाची म्हणाली, "सगळं काढ. त्यांना काम येतं का, एवढंच बघायचंय. फॉर्मात विचारलं तर तिथे भर."

"मग खरं कोणाचं?" मावशी करवादली. वैवाहिक स्थितीपुढे तिने तीनदा लिहून तीनदा खोडलं होतं. 'विवाहित' लिहावं तर नवऱ्याला जाऊन दोन वर्षं झालेली. दुसरा शब्द लिहायला हात धजावेना.

भाचीने तो रकानाच उडवला. मावशीच्या जिवात जीव आला.

मग भाचीची नजर वरच्या ईमेल पत्त्यावर गेली. त्यात मावशीचं नाव, तिच्या नवऱ्याचं नाव आणि पुढे लग्नाचं साल होतं.

"अगं, खाली काढलेलं सगळं वर आहेच की! नवा पत्ता काढू."

"काढ," मावशी म्हणाली. "पण जुना बंद करू नकोस. ह्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा अजून तिथेच येतात."