दुसऱ्या इनपुटवरचे वडील

आईचं घर रिकामं करायचं काम मीसनच्या गळ्यात पडलं, कारण भाऊ तेशिक कामात होता. तेशिक जन्मापासून कामातच होता. आईला वृद्धांच्या हॉस्पिटलात ठेवायचं ठरवताना मात्र त्याला वेळ मिळाला, घर भाड्याने द्यायचा करार करताना मिळाला, आणि कपाटं, भांडी, किमचीचे डबे उचलायची वेळ आली तसा तो परत कामात बुडाला. सोमवारी भाडेकरू येणार होते.

गुन्सान या बंदराच्या गावातली ती जुनी इमारत, पाचवा मजला. दुपार. मीसनने निम्मं सामान खाली कचऱ्याच्या जागी नेऊन ठेवलं होतं आणि टीव्ही मोबाईलवरच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात टाकला होता. तासाभरात गिऱ्हाईक आलं. मेंग नावाचा मनुष्य, समोरच्याच इमारतीत राहणारा, बंदरावर क्रेन चालवणारा. आल्या आल्या बूट काढून नीट लावून ठेवले आणि म्हणाला, "ताई, राग मानू नका, पण चालू करून बघितल्याशिवाय मी नेत नाही. मागच्या वेळी एकाने मला पडद्यावर हिरवी रेघ असलेला विकला. वर तोंड करून म्हणतो, तो डिझाइनचा भाग आहे."

"बघा ना. आमची काही हरकत नाही," मीसन म्हणाली. "आमच्या आईची मात्र होती. तिच्या मते हा टीव्ही बिघडलेला होता."

"काय झालं होतं?"

काय झालं होतं ते मीसनला तोंडपाठ होतं, पण परक्या माणसाला कसं सांगणार? गेलं वर्षभर आई, ऐंशी वर्षांची पिलसून, फोनवर तीनच गोष्टी सांगायची. टीव्ही आपला आपण बंद होतो. बंद होण्याआधी मला सांगतो, की मी आता जातो. आणि तुझे वडील टीव्हीवर येतात, खुरमाळीच्या, त्या नारिंगी फळांच्या झाडाखाली उभे असतात, चेहरा पिवळाजर्द. वडील तीन वर्षांपूर्वी लिव्हरच्या दुखण्याने गेले होते. शेवटी पिवळेच पडले होते. "अजून तसाच आहे गं त्यांचा रंग," आई म्हणायची, "तिकडे काही औषधपाणी करत नाहीत वाटतं."

तेशिकने हे सगळं डॉक्टरला सांगितलं. डॉक्टरने आईला विचारलं, टीव्ही तुमच्याशी बोलतो का? आई खरं बोलणारी बाई. म्हणाली, बोलत नाही, लिहून दाखवतो. झालं. त्यानंतर आईने तारीख बरोबर सांगितली, नातवंडांची नावं बरोबर सांगितली, शंभरातून सात सात वजा करत पार खालपर्यंत आली, पण त्याला कोण विचारतो? एकदा माणूस वेडा ठरला की त्याचं शहाणपणसुद्धा लक्षण होतं.

आणि मीसन? ती गप्प बसली. भाऊ सांगतोय, डॉक्टर सांगतोय, आपण कशाला मध्ये तोंड घालायचं.

"चालू करा," मेंग म्हणाला.

टीव्हीशेजारी केबलवाल्यांचा डबा होता आणि त्याचा रिमोट. मीसनने घाईत वरचं बटण दाबलं. टीव्ही सुरू झाला, बातम्या लागल्या, चित्र स्वच्छ. आवाज कमी करायला गेली तर अंगठा दुसऱ्याच बटणावर पडला. चालू-बंदच्या अगदी शेजारी इनपुट बदलायचं बटण. कोणी असं जोडून ठेवलं देव जाणे. घरोघरच्या म्हाताऱ्या रोज तेच दाबतात आणि घरोघरची मुलं रोज फोनवर ओरडतात.

पडद्याच्या कडेला यादी आली. एक, केबलचा डबा. दोन, नाव नसलेलं काहीतरी. इनपुट दोनवर गेलं, क्षणभर काळोख झाला, आणि पडद्यावर वडील आले.

खुरमाळीच्या झाडाखाली उभे होते. हातात फळं तोडायची काठीची जाळी, तोंडावर हसू, चेहरा पिवळाजर्द. मग चित्र हळूच विरलं आणि दुसरं आलं, वडील अंगणात मिरच्या वाळत घालताना. तेही पिवळे.

मीसन तिथेच, उघड्या जमिनीवर बसली.

"कोण हे?" मेंगने विचारलं.

"आमचे वडील."

"अच्छा." तो टीव्हीच्या मागे डोकावला. "इथे अंगठ्याएवढी डबी खोचलीये बघा. फोनमधले फोटो दाखवणारी. माझ्या मेव्हण्याकडे आहे. नुसती लावून ठेवली तरी आपली फोटो फिरवत बसते. कोणी लावली?"

कोणी लावली ते कळायला मीसनला डोकं खाजवावं लागलं नाही. गेल्या वर्षीच्या वडिलांच्या श्राद्धाला ती आली नव्हती, सासूचं ऑपरेशन होतं. तेशिकने फोनवर मोठ्या ऐटीत सांगितलं होतं, मी सगळ्यांना मोठ्या पडद्यावर बाबांचे फोटो दाखवले, काकू रडल्या. दाखवले आणि डबी तिथेच विसरून गेला.

"रंग बघा किती पिवळा," मेंग म्हणाला. "पडदा गेलेला नाही ना?" त्याने टीव्हीचा स्वतःचा रिमोट उचलला, दातेरी चाकाचं बटण दाबलं, चित्राच्या यादीत शिरला. "हां. इथे मोड सिनेमावर ठेवलाय. सिनेमावर सगळं पिवळं न् मंद दिसतं. काही लोकांना आवडतं. केबलच्या इनपुटवर साधारण होता म्हणून मघाशी बातम्या ठीक दिसल्या. प्रत्येक इनपुटचा मोड हा टीव्ही वेगळा लक्षात ठेवतो." त्याने सिनेमावरून साधारणवर आणलं.

आणि वडिलांचा रंग परत आला. उन्हात रापलेला, तांबूस, शेतकऱ्याचा चांगला रंग. मीसनने तोंडावर हात धरला. वर्षभर एक बाई नवऱ्याला कावीळ झालेली बघत होती, आणि तीन बटणांचं काम होतं.

"एक विचारू?" ती म्हणाली. "हा टीव्ही बंद व्हायच्या आधी काही लिहून दाखवतो का?"

"दाखवतो की. एक मिनिट आधी खाली पट्टी येते. थोड्याच वेळात टीव्ही बंद होईल म्हणून. तेव्हा रिमोटवरचं काही दाबलं तर राहतो, नाही तर जातो." तो वेळेच्या पानावर गेला. "झोपेचा टायमर तर बंद आहे. तो तसाही एकदाच चालतो, रोज परत लावावा लागतो. पण हे बघा खाली. रोजची वेळ लावलीये. रात्री नऊ, सगळे वार."

रात्री नऊ. आईच्या बातम्या नऊला लागायच्या. तेशिक म्हणाला होता, म्हातारी टीव्ही चालू ठेवून झोपते, वीज जळते. त्याने वीज वाचवली. आई मात्र वेडी ठरली.

मेंग हाडाचा भला माणूस. म्हणाला, "मी जरा खाली जाऊन गाडी इमारतीजवळ आणतो," आणि बूट घालून निघून गेला.

मीसनने भावाला फोन लावला.

"दादा, ती डबी तू लावलीस ना? श्राद्धाला?"

"कसली डबी? हां, ती. मग?"

"त्यात बाबांचे फोटो फिरतायत. आईला तेच दिसायचं. तो मोड तूच लावलास. रोज नऊला बंद व्हायचं तूच लावलंस. आई एक शब्द खोटं बोलली नव्हती, दादा."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मीसनला वाटलं, रडतोय. कसलं काय.

"मीसन," तो म्हणाला, "आता हे उकरून काय मिळणार? करार झाला. सोमवारी लोक येतायत. आणि आज ना उद्या न्यायचीच होती ना तिला? तू नेणार आहेस तुझ्या घरी?"

तेशिकला कुठे मारायचं ते बरोबर कळायचं. मीसनच्या घरात दोन खोल्या, त्यातल्या एकीत सासू.

"तुला आधीच माहीत होतं का?" तिने विचारलं.

"तू काय पोलीस आहेस का? मी कामात आहे," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मेंग परत आला तेव्हा मीसनने सगळ्या सेटिंगा पुसून टीव्ही नव्यासारखा करून ठेवला होता. डबी तेवढी काढून खिशात ठेवली होती. ती लिफ्टपर्यंत त्याच्याबरोबर गेली. तो म्हणाला, "आईला सांगा, टीव्ही चांगल्या घरी गेला." मीसनने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकल्यावर ती हॉस्पिटलात गेली. सहा खाटांची खोली, समोर भिंतीवर एक टीव्ही, रिमोट सेविकेच्या खिशात. आई खाटेवर ताठ बसली होती, केस विंचरलेले, शाळेत तपासणीला कोणी येणार असल्यासारखी. मीसनने संत्रं सोलून तिच्या हातात दिलं आणि कानाशी वाकून सांगितलं. सगळं. डबी, पिवळा रंग, रोजचे नऊ, सोमवारी घरात येणारे भाडेकरू.

"आई, तुझं खरं होतं. बाबा खरंच टीव्हीवर होते. तुला काही झालेलं नाही."

आईने आधी दाराकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाली, "हे इथे बोलू नकोस."

"अगं पण मी डबी आणलीये. त्या बाईला विचारते, या टीव्हीला लावून तुला दाखवते. आता त्यांचा रंग चांगला आहे."

"ठेव ती खिशात." आईने तिचं मनगट घट्ट धरलं. "कोणी बघितलं तर परत डॉक्टरला सांगतील. मी इथे आल्यापासून एकदासुद्धा टीव्हीचं नाव काढलेलं नाही. विचार कोणालाही."

सेविकेने बायका झोपाव्यात म्हणून जेवणानंतर अर्ध्या तासाचा टायमर लावला होता. कोणीतरी पडद्यावर समुद्रातली कालवं शिजवत होतं. पडद्याच्या खाली पांढऱ्या अक्षरांची पट्टी आली. थोड्याच वेळात टीव्ही बंद होईल. मीसनला आनंदच झाला, साक्षीदार सापडल्यासारखा.

"आई, बघ. बघ तिकडे, आलं ना लिहून? तू हेच सांगत होतीस ना?"

आईने पडद्याकडे बघितलं. तिची नजर अजून चांगली होती, ती अक्षरावरून अक्षरावर सरकताना मीसनला दिसली. मग आईने मान वळवली आणि संत्र्याची एक फोड तोंडात टाकली.

"कुठे काय?" ती म्हणाली. "मला काहीच दिसत नाही."

टीव्ही बंद झाला. पलीकडची म्हातारी घोरायला लागली होती.

"तेशिकला सांग," आई म्हणाली, "आईला आता काही दिसत नाही म्हणावं. अगदी काही नाही. मग सोमवारपर्यंत येईल ना गं तो मला न्यायला?"